बारकोड किंवा क्यूआर स्कॅन होत नाही: छापील आकार आणि मॉड्यूलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेबल छपाईच्या कामात सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "कोड छापलाय, पण स्कॅनर घेत नाही." सोबत फोटो असतो आणि फोटोत कोड अगदी नीटनेटका दिसतो. त्या तक्रारींमधून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत. ते माहीत असतील तर थेट प्रश्न ४ पासून वाचा.

१. मॉड्यूल म्हणजे नेमकं काय?

क्यूआरमधला सगळ्यात लहान चौकोन, काळा असो वा पांढरा, म्हणजे एक मॉड्यूल. रेघांच्या बारकोडमध्ये सगळ्यात बारीक रेघेची रुंदी म्हणजे एक मॉड्यूल, आणि जाड रेघा तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. स्कॅनर कोडचं चित्र बघत नाही, तो ही मॉड्यूलं ओळखत जातो. म्हणून कोड एकूण किती मोठा दिसतो यापेक्षा एक मॉड्यूल कागदावर किती मिलिमीटरचं उतरलं, यावर स्कॅन होणं ठरतं.

२. क्यूआर कमीत कमी किती सेंटीमीटरचा छापावा?

या प्रश्नाला "दोन सेंटीमीटर" असं ठोकून उत्तर दिलेलं सर्रास दिसतं. ते अर्धंच उत्तर आहे, कारण दोन सेंटीमीटरमध्ये किती मॉड्यूलं बसवली आहेत हे त्यात कुठेच येत नाही.

क्यूआरची ४० व्हर्जनं आहेत. पहिल्यात एका बाजूला २१ मॉड्यूलं असतात आणि पुढच्या प्रत्येक व्हर्जनला ४ वाढतात, म्हणजे दुसऱ्यात २५, तिसऱ्यात २९ आणि शेवटच्या ४० व्या व्हर्जनमध्ये १७७. आत भरलेला मजकूर जितका लांब, तितकं वरचं व्हर्जन लागतं. कोड बनवणारं सॉफ्टवेअर हे आपोआप ठरवतं आणि बहुतेक वेळा तुम्हाला सांगतही नाही. त्यामुळे २० मिमीच्याच दोन कोडपैकी २५ मॉड्यूलांच्या कोडात एक मॉड्यूल ०.८ मिमीचं येतं आणि ५३ मॉड्यूलांच्या कोडात जेमतेम ०.३८ मिमीचं. पहिला झटक्यात लागतो, दुसऱ्यासाठी हात स्थिर धरावा लागतो.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने करायचा. आधी मॉड्यूल किती मिमीचं हवं ते ठरवायचं, त्याला एका बाजूच्या मॉड्यूलांनी गुणायचं, आणि चारही बाजूंच्या कोऱ्या जागेसाठी आणखी ८ मॉड्यूलं धरायची (ती का, ते प्रश्न ८ मध्ये). हातात धरून फोनने वाचायच्या लेबलसाठी मी ०.४ मिमीच्या खाली शक्यतो जात नाही. जवळून वाचणाऱ्या चांगल्या स्कॅनरसाठी ०.२५ मिमी चालतं, पण तिथे छपाईत चुकायला जागा उरत नाही.

३. माझ्याकडे छापलेलं लेबल आहे. त्यातलं मॉड्यूल किती मिमीचं आहे हे कसं मोजू?

एकेक मॉड्यूल पट्टीने मोजायच्या भानगडीत पडू नका. क्यूआरच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन प्रत्येक व्हर्जनमध्ये बरोबर ७ मॉड्यूल रुंद असतात, त्याचा उपयोग करून घ्या.

समजा कोपऱ्यातला चौकोन ३ मिमीचा आहे आणि कोरी जागा सोडून पूर्ण कोड १७.६ मिमीचा आहे. तीनला सातने भागलं की मॉड्यूल सुमारे ०.४३ मिमी. १७.६ ला त्याने भागलं की जवळजवळ ४१. हा आकडा २१, २५, २९, ३३, ३७, ४१ या मालिकेतलाच असायला हवा, आणि तो आहे. म्हणजे व्हर्जन ६. मालिकेत न बसणारा आकडा आला तर मोजण्यात चूक आहे, जवळचा आकडा धरा. आता १७.६ ला ४१ ने भागून मॉड्यूलचं माप पक्कं करा, कारण मोठं अंतर मोजताना पट्टीची चूक कमी होते.

४. स्क्रीनवर कोड लागतो, पण लेबल प्रिंटरवर छापल्यावर लागत नाही. असं का?

जास्तीत जास्त लेबलं इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेबल छापणारा नेहमीचा थर्मल प्रिंटर २०३ डीपीआयचा असतो. त्याच्या हेडवर एका मिलिमीटरला ८ ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका ०.१२५ मिमीचा. प्रिंटर ठिपका पूर्ण छापू शकतो किंवा अजिबात छापत नाही. अर्धा ठिपका किंवा राखाडी ठिपका हे त्याला माहीतच नाही.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण घेऊ. लेबलवर क्यूआरसाठी १५ मिमीची चौकट होती. आतली लिंक ९८ अक्षरांची होती आणि एरर करेक्शन, म्हणजे कोडाचा काही भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवायची सोय, एम या पातळीवर होतं. त्याला व्हर्जन ६ लागलं, म्हणजे ४१ मॉड्यूलं. कोरी जागा धरून ४९. पंधरा मिमीत १२० ठिपके बसतात. १२० ला ४९ ने भागलं की एका मॉड्यूलला २.४५ ठिपके येतात. ते पंचेचाळीस शतांश कुठून आणणार? मग सॉफ्टवेअरने तडजोड केली: २७ मॉड्यूलांना दोन-दोन ठिपके, उरलेल्या २२ ला तीन-तीन. बेरीज बरोबर १२० झाली, चित्र चौकटीत चपखल बसलं, पण काही मॉड्यूलं ०.२५ मिमीची आणि त्यांच्या शेजारची ०.३७५ मिमीची झाली.

स्कॅनर मनात एकसारखं जाळं धरतो आणि प्रत्येक घराच्या मधोमध काळं आहे की पांढरं ते बघतो. मॉड्यूलची कड अर्धा ठिपका जरी सरकली, तरी दोन ठिपक्यांच्या मॉड्यूलचा तो पाव भाग असतो. त्यात हेडच्या उष्णतेने काळं थोडं फुगतंच (प्रश्न ११). दोन्ही मिळून जाळ्याचा मध्यबिंदू चुकीच्या रंगावर पडायला लागतो. फोनचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा यातून वाट काढतं, गोदामातला स्कॅनर काढतोच असं नाही.

हा दोष भिंगातून ओळखू येतो. वरच्या दोन कोपऱ्यांतल्या चौकोनांच्या खालच्या कडांना जोडणारी काळ्या-पांढऱ्या मॉड्यूलांची एक सरळ रांग असते, एक काळं, एक पांढरं, अशी. त्या रांगेतले चौकोन कमी-जास्त रुंद दिसले तर समजायचं की मॉड्यूल पूर्ण ठिपक्यांत बसलेलं नाही.

५. मग त्या १५ मिमीच्या चौकटीत कोड कसा बसवला?

पहिला पर्याय होता मॉड्यूल सक्तीने २ ठिपक्यांचं करण्याचा. ४९ गुणिले २ म्हणजे ९८ ठिपके, १२.२५ मिमी. चौकटीत थोडी जागा रिकामी राहते, पण सगळी मॉड्यूलं एकसारखी होतात. लिंक बदलणं शक्यच नसतं तर हेच केलं असतं.

पण लिंक बदलता येत होती. तिच्यातला बराचसा भाग सर्व्हरवर ठेवून फक्त छोटा क्रमांक कोडात घातला. आणखी एक गोष्ट केली, सगळी अक्षरं मोठी इंग्रजी लिपीतली ठेवली. क्यूआरमध्ये आकडे, मोठी अक्षरं, मोकळी जागा आणि `$ % * + - . / :` एवढ्याच चिन्हांसाठी एक वेगळी, कमी जागा खाणारी पद्धत आहे. एखादं लहान अक्षर, `?` किंवा `=` आलं की तो भाग मोठ्या पद्धतीत जातो. नमुना म्हणून `HTTPS://EXAMPLE.COM/A7K2` बघा. ही २४ अक्षरं आहेत. एरर करेक्शन एलवर पहिल्या व्हर्जनमध्ये अशी २५ मावतात, म्हणजे फक्त २१ मॉड्यूलं.

कोरी जागा धरून २९. १२० ला २९ ने भागलं की चारहून थोडं जास्त. चार पूर्ण ठिपके धरले तर ११६ ठिपके, १४.५ मिमी. चौकट तीच राहिली आणि मॉड्यूल ०.२५ ऐवजी ०.५ मिमी झालं.

फक्त एक खबरदारी घ्या. संकेतस्थळाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी चालतं, पण तिरप्या रेघेनंतरच्या भागात काही सर्व्हर लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतात. छापण्याआधी ती लिंक मोठ्या अक्षरांत उघडून बघा.

६. सॉफ्टवेअरला "मॉड्यूल चार ठिपक्यांचं ठेव" असं सांगायचं कसं?

चित्र बनवून आणत असाल तर ते प्रिंटरच्या ठिपक्यांच्या मापातच बनवा, उदाहरणार्थ क्यूआर बनवणाऱ्या `qrencode` या प्रोग्रॅमने:

```
qrencode -s 4 -m 4 -l L -d 203 -o qr.png "HTTPS://EXAMPLE.COM/A7K2"
```

यात `-s` म्हणजे एका मॉड्यूलचे पिक्सेल, `-m` म्हणजे कोऱ्या जागेची मॉड्यूलं, `-l` म्हणजे एरर करेक्शनची पातळी आणि `-d` म्हणजे डीपीआय. हे चित्र लेबलवर १०० टक्के मापातच ठेवायचं. माउसने कोपरा ओढून "थोडंसं मोठं" केलं की प्रश्न ४ मधलं सगळं परत सुरू होतं. जेपीईजीमध्ये तर ठेवूच नका, कडांवर राखाडी धूळ येते.

त्याहून चांगलं म्हणजे कोड प्रिंटरलाच काढू द्या. झेडपीएल ही लेबल प्रिंटरची आज्ञाभाषा समजणाऱ्या प्रिंटरला `^BQN,2,4` असं सांगितलं की शेवटचा ४ हा थेट एका मॉड्यूलचे ठिपके ठरवतो. रेघांच्या बारकोडसाठी तेच काम `^BY2` करतो. इथे अपूर्णांक शिरायला वावच नाही. फक्त भोवतालची कोरी जागा तुम्हाला सोडावी लागते.

७. एरर करेक्शन सगळ्यात वरचं ठेवलं तर छोटा कोडही वाचला जाईल ना?

नाही, बहुतेक वेळा उलटंच होतं. एल पातळीवर सुमारे ७ टक्के, एमवर १५, क्यूवर २५ आणि एचवर ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो, हे खरं. पण ही जादा माहिती कोडातच बसवायची असते. प्रश्न ४ मधली ९८ अक्षरांची लिंक एलवर ३७ मॉड्यूलांत बसते, एमवर ४१, क्यूवर ४९ आणि एचवर ५३. एचचा कोड कोऱ्या जागेसह ६१ मॉड्यूलांचा होतो, आणि दोन-दोन ठिपके द्यायचे तर १२२ ठिपके लागतात. चौकटीत आहेत १२०. म्हणजे दोन ठिपके कमी पडले म्हणून एका मॉड्यूलला एकच ठिपका, आणि तसा कोड वाचण्याची आशाच सोडा.

एरर करेक्शन आहे ते डाग, ओरखडा किंवा मधोमध टाकलेल्या लोगोसाठी. एखादा कोपरा फाटला तर ते कामी येतं. मॉड्यूलच इतकं बारीक असेल की स्कॅनरला सगळीकडेच धूसर दिसतंय, तर दुरुस्तीसाठी बरोबर भाग आणायचा कुठून? लहान, स्वच्छ, घरात वापरायच्या लेबलवर मी एल आणि मोठं मॉड्यूल घेतो. तेल-ग्रीस लागणाऱ्या ठिकाणी क्यू, पण मग चौकटही मोठी मागतो.

८. कोडभोवतीची पांढरी जागा कापून कोड मोठा केला तर?

त्या जागेला क्वाएट झोन म्हणतात. कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे स्कॅनरला तिच्यावरून कळतं. क्यूआरला चारही बाजूंनी ४ मॉड्यूलं, रेघांच्या बारकोडपैकी कोड १२८ ला दोन्ही टोकांना १० मॉड्यूलं, दुकानातल्या मालावरच्या ईएएन-१३ ला डावीकडे ११ आणि उजवीकडे ७. ती मिमीत नसून मॉड्यूलांत मोजतात हे लक्षात ठेवा, कोड मोठा केला की तीही वाढायला हवी. चौकटीची काळी रेघ, मजकूर किंवा लेबलची कड यांपैकी काहीही तिच्यात येता कामा नये. फोन यातली कसर बऱ्याचदा माफ करतो, म्हणून चाचणीत ही चूक निसटते.

९. रेघांचा बारकोड ५० मिमीच्या लेबलमध्ये मावत नाही. थोडा दाबून बसवू का?

उंची कमी करा, फार तर नेम धरायला थोडं अवघड जाईल. रुंदी दाबू नका. रुंदी दाबणं म्हणजे मॉड्यूल बारीक करणं, आणि वर ते अपूर्णांकातही जातं.

आधी कोडच आखूड करता येतो का ते बघा. कोड १२८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ११ मॉड्यूलं लागतात. २० अंकांचा क्रमांक एकेक अंक करून लिहिला तर सुरुवातीचं, तपासणीचं आणि शेवटचं चिन्ह धरून २५५ मॉड्यूलं होतात, कोऱ्या जागेसह २७५. पण त्याच कोडात अंक जोडीने बसवण्याचा संच आहे, त्याला सी संच म्हणतात. त्यात २० अंकांची १० चिन्हं होतात आणि एकूण १४५ मॉड्यूलं, कोऱ्या जागेसह १६५. पन्नास मिमी म्हणजे ४०० ठिपके. पहिल्या प्रकारात मॉड्यूलला फक्त एक ठिपका देता येतो. दुसऱ्यात दोन दिले तरी ३३० ठिपके, ४१.२५ मिमी, आरामात मावतं.

क्रमांकाच्या मधे एखादं अक्षर घुसलं की संच बदलावा लागतो आणि लांबी वाढते. म्हणून "ए-००१२-बी" छापाचे क्रमांक ठरवणाऱ्यांशी छपाईवाल्याने आधी बोलून घ्यावं. नंतर बोललं की नुसती वादावादी होते.

१०. ईएएन-१३ "८० टक्क्यांपर्यंत लहान चालतो" असं वाचलं. माझा ८० टक्क्यांचा कोड का लागत नाही?

नियम बरोबर आहे. १०० टक्क्यांना मॉड्यूल ०.३३ मिमी आणि कोऱ्या जागेसह रुंदी ३७.२९ मिमी. ८० टक्क्यांना मॉड्यूल ०.२६४ मिमी. पण २०३ डीपीआयवर ०.२६४ छापताच येत नाही. दोन ठिपके म्हणजे ०.२५, जे ८० टक्क्यांच्याही खाली जातं. तीन ठिपके म्हणजे ०.३७५, जवळजवळ ११४ टक्के, रुंदी ४२.४ मिमी. त्या प्रिंटरवर नियमात बसणारं सगळ्यात लहान माप हेच. ३०० डीपीआयवर चार ठिपक्यांना सुमारे १०३ टक्के मिळतात, तीन घेतले तर तिथेही ८० च्या खाली. ८० टक्क्यांची सवलत ऑफसेटसारख्या बारीक छपाईत खरी उपयोगी पडते.

ईएएनमध्ये क्यूआरसारखी दुरुस्तीची सोय नाही, फक्त एक तपासणी अंक आहे. शिवाय १ आणि ७, तसंच २ आणि ८ या जोड्या वेगळ्या ओळखायला काळ्या रेघेची नेमकी जाडी कळावी लागते. शाई फुगली की आधी तेच अंक डगमगतात.

११. मॉड्यूल पूर्ण ठिपक्यांत आहे, मोठंही आहे, कोरी जागाही सोडली आहे. तरी लागत नाही!

भिंगातून बघा. एकटं काळं मॉड्यूल एकट्या पांढऱ्या मॉड्यूलपेक्षा ठळकपणे मोठं दिसतंय का? दिसत असेल तर प्रिंटरचं डार्कनेस जास्त आहे. लेबल "छान काळं" यावं म्हणून कुणीतरी ते वाढवलेलं असतं. ते उतरवा, वेगही थोडा कमी करा.

रेघा कुठल्या दिशेने आहेत तेही बघा. कागद पुढे सरकतो त्या दिशेला समांतर रेघा साफ येतात. त्याच रेघा आडव्या केल्या तर गरम हेड थंड होईपर्यंत कागद पुढे गेलेला असतो आणि प्रत्येक रेघेची मागची कड ओघळते. अशा वेळी कोड ९० अंशांत फिरवला की काही न बदलता लागतो. आडवाच ठेवणं भाग असेल तर मॉड्यूलला एक ठिपका जास्त द्या.

आणि रेघांना समांतर, म्हणजे कागदाच्या दिशेने, कोडभर एक बारीक पांढरी ओळ जात असेल तर हेडचा तेवढा ठिपका मेलेला आहे. मॉड्यूल दोन ठिपक्यांचं असेल तर रेघ अर्धी गायब होते, चारचं असेल तर बऱ्याचदा निभावतं.

१२. फोन वाचतो, स्कॅनर वाचत नाही. किंवा नेमकं उलटं. कोणावर विश्वास ठेवू?

ज्याने रोज वाचायचं आहे त्याच्यावर. एकच लाल रेघ टाकणारा लेझर स्कॅनर क्यूआर वाचूच शकत नाही, तिथे मापाचा प्रश्नच येत नाही. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या स्कॅनरच्या माहितीपत्रकात तो किती बारीक मॉड्यूल किती अंतरावरून वाचतो हे बहुधा "मिल"मध्ये दिलेलं असतं. एक मिल म्हणजे ०.०२५४ मिमी, म्हणून १० मिल म्हणजे साधारण ०.२५ मिमी.

उलट बाजूने, स्कॅनर वाचतो आणि फोन नाही, असं असेल तर कोड बहुधा फार बारीक आहे. लोक फोन आणखी जवळ नेतात, पण फार जवळ फोकसच होत नाही. थोडं लांब धरून झूम करून बघा. त्याने लागला तर मॉड्यूल लहान आहे हे पक्कं समजा.

१३. भिंतीवरच्या मोठ्या कोडला हाच हिशेब?

तत्त्व तेच. वाचण्याच्या अंतराच्या एक दशांश रुंदी, हा ढोबळ नियम सुमारे २५ मॉड्यूलांच्या कोडसाठी आहे. दोन मीटरवरून वाचायचा तर २० सेंमी. तोच कोड ४१ मॉड्यूलांचा असेल तर ३३ सेंमी लागतील.

१४. जागाच सहा मिमीची आहे. काय करू?

क्यूआरचा हट्ट सोडा. डेटा मॅट्रिक्स या क्यूआरसारख्याच चौकोनी कोडला भोवती एकच मॉड्यूल कोरी जागा पुरते आणि त्याचा सगळ्यात लहान प्रकार १० बाय १० चा असतो. थोडे अंक असतील तर तिथे तो सरस. मायक्रो क्यूआरही ११ मॉड्यूलांपासून मिळतो, पण बऱ्याच फोनचा साधा कॅमेरा तो ओळखत नाही. ग्राहकाने फोनने वाचायचा असेल तर तो नको.

१५. हजारो लेबलं छापण्याआधी काय तपासू?

त्याच प्रिंटरवर, त्याच कागदावर, खऱ्या मापात वीसेक लेबलं छापा. ऑफिसच्या लेझर प्रिंटरवरचा नमुना काही सिद्ध करत नाही. प्रश्न ३ प्रमाणे मॉड्यूल मोजा, त्याला ०.१२५ ने भागा आणि पूर्णांक येतो का ते बघा. मग प्रत्यक्ष वापरातल्या स्कॅनरने, कामाच्या जागेवरून, प्रत्येक लेबल वाचा. वीसपैकी एखादं जरी दुसऱ्या प्रयत्नात लागलं तर ती खूण गंभीर समजा, कारण हेड आज आहे त्यापेक्षा सहा महिन्यांनी जास्त झिजलेलं असेल.

माल घेणाऱ्याने कोडच्या छपाईच्या दर्जाची ग्रेड मागितली असेल तर फोनवरच्या ॲपने ती काढता येत नाही. त्यासाठी व्हेरिफायर लागतो, जो रेघांचे कोड आयएसओ/आयईसी १५४१६ आणि क्यूआरसारखे कोड १५४१५ प्रमाणे तपासतो. नमुना पाठवताना मॉड्यूलचं अपेक्षित माप सोबत लिहून द्या, कारण व्हेरिफायर किती बारीक बघायचं ते त्यावरूनच ठरवतो.